चारशे तीसच्या पुढचे

मला लोक तोंडाळ म्हणतात. म्हणू द्या. माझं नाव आशाबाई, माहेर पिशोरचं, आणि चितेगावच्या कंपनीत ब्रेकचे सुटे भाग तपासायचं काम सोळा वर्षं करतेय. भाग मापात बसला नाय की लाल खोक्यात. कोणाच्या मशीनवरून आला, ऑपरेटर माझ्या ओळखीचा हाय का, असलं काय मी बघत नाय. पण हे सांगतेय ते माझं नव्हं, वहिदाचं. सांगताना माझं डोकं तापलं तर तापू द्या.

वहिदा सिल्लोडची. आमच्या एचआरमध्ये लागून तिला सहा महिने होत आले होते. म्हणजे प्रोबेशन संपत आलेलं. महिनाअखेरीला कायम झाल्याचं पत्र मिळायचं नायतर घरचा रस्ता. अंगानं काडी, आवाज हळू, पण एकदा 'हे असं नाही चालणार' म्हणाली की जागची हलायची नाय. दुपारी कँटीनमध्ये माझ्याशेजारी डबा उघडायची, स्वतःच्याच विनोदावर स्वतःच पहिली हसायची, आणि मला आशाताई म्हणायची. एमबीए झाल्यावर दीड वर्ष तिनं गावभर बायोडाटा वाटले होते. तिच्याच वर्गातल्या, तिच्याहून कमी मार्कांच्या पोरींना बोलावणी आली, हिला एकसष्ट ठिकाणाहून साधा फोन नाय. हे तिनं मला एकदाच सांगितलं, भेंडीची भाजी वाढता वाढता. वर म्हणाली, "एकसष्टातल्या चार-पाच जणांना खरंच माझं काम नको असंल, बाकीच्यांनी पहिली ओळ वाचून पान उलटलं." पहिली ओळ म्हणजे नाव.

तर यंदा क्वालिटीत आठ इन्स्पेक्टर घ्यायचे ठरलं. मेलवर आलेले, गेटवर दिलेले असे मिळून सहाशे अठरा बायोडाटा जमले. प्लांट हेड तनुजा मॅडमनी वहिदाला सोमवारी सांगितलं, शुक्रवारी चार वाजता मुलाखतीसाठी चोवीस नावं माझ्या टेबलावर पाहिजेत. आणि हसत हसत वर म्हणाल्या, ही यादी म्हणजे तुझी परीक्षाच समज. परीक्षा कसली ते सगळ्यांना कळलं.

गेल्या साली हेच काम आमच्या प्रॉडक्शन मॅनेजरनं, विश्वजीत सरांनी, दोन कप चहात उरकलं होतं. मी समोर उभी होते म्हणून सांगते. फोटो बघायचा, आडनाव बघायचं, कॉलेज बघायचं, आणि इकडं नायतर तिकडं. पोरगी दिसली की "लग्न होऊन जाईल". पस्तिशीचा माणूस दिसला की "आता काय शिकणार". दहा घेतले, दहाही एकाच थाटाचे. त्यातले सहा जण वर्षाच्या आत पुण्याला पळाले आणि त्यांचं काम आम्ही डबल शिफ्ट मारून केलं. तेव्हा कोणी विचारलं का सरांना, की बाबा हे काय निवडलं? आपला तो बाब्या अन् दुसऱ्याचं ते कार्टं.

वहिदा माझ्या लाइनवर आली, वही घेऊन. "आशाताई, पहिल्या दिवशी इथं उभ्या राहणाऱ्या माणसाला काय आलंच पाहिजे?"

मी म्हणलं, "मापं घ्यायला व्हर्नियर अन् मायक्रोमीटर हातात धरता आला पाहिजे. ड्रॉइंग वाचता आलं पाहिजे. अन् वर्षभर तरी तपासणीचं काम केलेलं पाहिजे, अप्रेंटिस म्हणून का असंना."

"वय?"

"वयाचं काय लोणचं घालायचंय?"

"मधी तीन-चार वर्षं घरी बसलेली असंल तर?"

"माप बदलतं का चार वर्षांत?"

तिनं त्या तीनच ओळी लिहिल्या आणि विश्वजीत सरांकडून त्यावर सही घेतली. सरांनी तीसच्या आतलं वय, चांगलं कॉलेज, मधी खंड नको, असं घालायला सांगितलं. ती म्हणाली, "सर, यातलं मशीनवर काय लागतं ते सांगा, लगेच घालते." सरांना सांगता येईना, तेव्हा सही केली. बायोडाटा उघडायच्या आधी अटी पक्क्या करायच्या, म्हणजे नंतर माणूस बघून अट वाकवता येत नाय, असं तिचं म्हणणं. मला पटलं. आम्ही भागाला माप आधी ठरवतो, भाग हातात आल्यावर नाय.

मग मंगळवारी झाकाझाकी. हे काम टाइम ऑफिसच्या कडूबा मामांकडं दिलं. मामा अठ्ठावीस वर्षांचे जुने, स्वभावानं गरीब, कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांनी आणि दोन क्लार्कनी काळ्या मार्करनं नाव, बापाचं नाव, फोटो, जन्मतारीख, लग्न झालं का नाय, पत्ता, मेल, कॉलेजचं नाव, पास झाल्याचं साल, येणाऱ्या भाषा, सगळं मारलं. कामाचं तेवढं ठेवलं. मार्करमधून उजेडात अक्षरं दिसत होती, म्हणून वहिदानं त्यांनाच काळ्या केलेल्या पानांच्या झेरॉक्स काढायला लावल्या. झेरॉक्समध्ये काळं ते ठार काळं. प्रत्येकावर कोपऱ्यात नंबर, एक ते सहाशे अठरा. मूळ कागद मामांच्या कपाटात कुलपात. वहिदानं स्वतःसुद्धा नावं बघितली नायत.

बुधवारी दोघांनी तपासायचं, मी आणि विश्वजीत सर. दोन खोल्या, दोन गठ्ठे, एकमेकांचं बघायचं नाय. पहिल्या फेरीत फक्त त्या तीन अटी, व्हय का नाय. एका कागदाला अर्धा मिनिट. आधी आम्ही दोघांनी तेच वीस कागद करून बघितले, कुठं मतभेद होतात ते बोलून घेतलं, मग सुरू. संध्याकाळपर्यंत माझे सहाशे अठरा झाले. पाठ मोडली, पण मनात म्हणलं, ह्या पोरीनं खरंच डोकं लावलंय. पहिल्यांदाच मी कोणाची जात, गाव, थोबाड न बघता माणूस वाचत होते.

गुरुवारी सकाळी वहिदानं मला बोलावलं. दार लावून घेतलं. दोघांचे तक्ते तिनं समोरासमोर ठेवले होते.

"आशाताई, हे बघा. एक ते चारशे तीसमधे तुमचे पास एकशे अठरा, सरांचे एकशे एकवीस. एकदम जवळ. आता चारशे तीसच्या पुढं बघा."

चारशे तीसच्या पुढं एकशे अठ्ठ्याऐंशी कागद होते. माझे पास बावन्न. सरांचे चार.

"दमले असतील," मी म्हणलं.

"दमलेला माणूस हळूहळू कमी होतो. हे बघा, चारशे तीसला पास, आणि चारशे एकतीसपासून एकदम नाय, नाय, नाय. इथं कोणीतरी रेघ मारलीय."

रेघ कोणी मारली ते कळायला दहा मिनिटं लागली. कडूबा मामांना बोलावलं. मामा आले, टोपी हातात.

"मामा, नंबर कसे टाकले?"

"नेहमीसारखे, मॅडम. गठ्ठे लावून."

"कसले गठ्ठे?"

मामांनी बोटं मोडत सांगायला सुरुवात केली, आणि त्यांच्या आवाजात एवढासुद्धा संकोच नव्हता. "आधी ओळखीचे, गेटवर वॉचमन कोपऱ्यात लिहितो ना, कोणाचा माणूस ते. मंग बाकीची पोरं. मंग चारशे एकतीसपासनं पोरी. मंग पाचशे सहापासनं तिकडले. अन् शेवटी वयस्कर. अठ्ठावीस वर्षं असंच लावतो, साहेब लोकांना शोधाया सोपं पडतं. तुम्ही नावं झाका म्हणले, मी झाकली. गठ्ठे लावू नका असं कुठं म्हणले?"

तिकडले. वहिदाच्या तोंडावर, तिच्याच खोलीत उभं राहून. आणि मामांना कळलंसुद्धा नाय आपण काय बोललो. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

"तिकडले म्हणजे कुठले हो मामा? बॉर्डरपलीकडनं आणले का त्यांना?"

"आशाबाई, मी काय वाईट बोललो? सगळे म्हणतेत."

वहिदानं माझ्या हातावर हात ठेवला. तिनं मामांना एकच विचारलं, "हे नंबर कुणाला सांगितले?"

"विश्वजीत सर आले होते काल सकाळी चहाला. म्हणले, कडूबा, तुझे गठ्ठे कसे लावलेत? मी सांगितलं. त्यात काय लपवायचं?"

मामा गेले. मी उठले. म्हणलं, चल आत्ताच्या आत्ता सरांच्या केबिनमध्ये, भर शॉपवर धुते त्याला. एवढी नावं झाकली, साल झाकलं, भाषा झाकली, अन् ह्या माणसानं चहा पिऊन सगळं उघडं केलं! चोराच्या हातात जामदारखान्याची किल्ली दिली की हो आपण.

"बसा, आशाताई."

"बसा काय बसा!"

"बसा म्हणते ना. ते काय म्हणतील? मी नंबर बघितलेच नाहीत, ते कागदच कच्चे होते, हेच म्हणतील. आणि खरंच कच्चे असले तर? मला माहीत नाही. तुम्हाला पण माहीत नाही. ते त्यांच्याच हातून कळलं पाहिजे."

तिनं कॉम्प्युटरवर सहाशे अठरा आकडे विसकटून घेतले, पत्ते पिसतात तसे. दुपारभर एकटीनं बसून प्रत्येक कागदावर जुन्या नंबरवर नव्या नंबरचं स्टिकर लावलं, परत झेरॉक्स काढली, जुन्याला नवा कोणता ही यादी आपल्या पर्समध्ये ठेवली. आता तीनशे दोन नंबरला कोण हाय ते मामांच्या बापालाही सांगता आलं नसतं.

मग ती सरांकडं गेली. काय म्हणाली माहीत हाय? म्हणाली, "सर, अनुक्रमात माझी चूक झाली. पहिली फेरी परत करावी लागंल. सॉरी." सरांनी कपाळाला हात लावला, एचआरच्या पोरींना साधे नंबर टाकता येत नायत असं दोन माणसांत ऐकवलं, आणि तनुजा मॅडमना मेल टाकायला लावला, की उशीर वहिदाच्या चुकीमुळं होतोय. तिनं टाकला. आपल्या हातानं. मला कळलं तेव्हा मी कपाळ बडवून घेतलं. "अगं, लेखी दिलंस?" ती म्हणाली, "खरं सांगितलं असतं तर त्यांनी दुसऱ्यांदा सांभाळून केलं असतं. मग काय कळलं असतं?"

मलाही परत सगळे करायला लावले. मी का, मी काय पाप केलं, असं मी भांडले. "तुमचंही बघू," म्हणाली. शुक्रवारी दुपारपर्यंत दोघांचे झाले. त्यात जिथं माझं एक आणि सरांचं एक होतं तिथं दोघांना समोरासमोर बसवून, कागदावरची ओळ दाखवून ठरवायला लावलं. मग पास झालेल्यांना कामाच्या चार गोष्टींवर शून्य, एक, दोन असे गुण, पुन्हा दोघांनी वेगवेगळे. शुक्रवारचे चार वाजून गेले. यादी झाली शनिवारी बारा वाजता. वीस तास उशिरा.

यादीचं काम संपल्यावरच तिनं पर्समधली यादी काढली आणि सरांचे दोन दिवसांचे तक्ते जुन्या नंबरनं लावले. चारशे तीसच्या पुढचे तेच एकशे अठ्ठ्याऐंशी कागद. तेच शब्द, तेच काळे पट्टे. बुधवारी सरांनी त्यातले चार पास केले होते. नव्या नंबरानं, कोण कुठला ते न कळता, त्याच माणसानं, त्याच पेननं, एकोणपन्नास पास केले.

चार अन् एकोणपन्नास. मी तो आकडा तीनदा वाचला. पंचेचाळीस माणसं. पोरी, तिकडले म्हणून बाजूला काढलेले, चाळिशीतले. त्यांचं काम चांगलं होतं हे सरांना कळत होतं की! आंधळे नव्हते ते. डोळे असून मिटले होते. हे तर जास्त वाईट.

माझे बी अकरा बदलले होते. बुधवारी संध्याकाळी दमून मी अकरा जणांना नाय म्हणले होते, ज्यांना शुक्रवारी सकाळच्या ताज्या डोक्यानं व्हय म्हणले. त्याचीही मला लाज वाटली, सांगून टाकते.

शनिवारी साडेबाराला तनुजा मॅडमच्या केबिनमध्ये आम्ही तिघं. वहिदानं आधी यादी ठेवली. चोवीस जण, त्यातले दहा चारशे तीसच्या पुढचे. मग शेजारी ते दोन तक्ते ठेवले आणि काय झालं ते सांगितलं. आवाज चढवला नाय, कोणाला नावं ठेवली नायत. विश्वजीत सर लाल झाले. "मी फक्त स्पीडनं केलं," म्हणाले. मी म्हणलं, "चारशे तीसपर्यंत बैलगाडी अन् पुढं विमान का?" मॅडमनी माझ्याकडं बघितलं.

मॅडम हुशार बाई. दोन मिनिटांत सगळं कळलं त्यांना. म्हणाल्या, "यादी उत्तम आहे, मी सही करते. पण वहिदा, हे दोन तक्ते फाइलला नकोत. पुढच्या महिन्यात कस्टमरचं ऑडिट आहे. फाडून टाक. तुझं कन्फर्मेशनचं पत्र माझ्या ड्रॉवरमध्ये तयार आहे, आत्ता देते."

त्यांनी खरंच ड्रॉवर उघडला. पत्र दिसत होतं. माझा जीव भांड्यात पडला. फाड बाई, मनात म्हणलं, फाड आणि घे.

वहिदा म्हणाली, "मॅडम, यादी कशी झाली ते या तक्त्यांवरच लिहिलंय. यादी ठेवायची तर हेही ठेवावे लागतील."

"विचार करून बोल."

"केलाय."

मॅडमनी ड्रॉवर बंद केला. "मग मला उशिराची नोंद करावी लागेल. अनुक्रमाची चूक माझी, असा तुझाच मेल आहे." आणि प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढवलं. सरांना एक शब्द नाय. मॅनेजर माणूस, वीस वर्षांचा अनुभव, ऑडिट तोंडावर. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय?

बाहेर आल्यावर मी तिच्यावरच ओरडले. पार्किंगमध्ये, तिच्या स्कूटीपाशी. "येडी का गं तू? दोन कागद फाडले असते तर काय बिघडलं असतं? यादी तर बरोबर झालीच होती ना!"

ती रडली तेव्हा. सहा महिन्यांत पहिल्यांदा. डोळे पुसले आणि म्हणाली, "यादी ह्या वेळची बरोबर झाली, आशाताई. पुढच्या वेळी मी नसले तर? मामा परत गठ्ठे लावणार, सर परत चहाला जाणार. ते कागद फाइलला असले तर कोणीतरी विचारंल, की चार कुठं अन् एकोणपन्नास कुठं. मला एकसष्ट जणांनी पान उलटलं तेव्हा असा एक कागद कुठं असता, तर मला निदान कळलं असतं की कमी मी नव्हते."

मी तिची स्कूटी स्टँडवरून काढून दिली अन् तिला घरी पाठवलं.

पण रविवारभर डोकं ठणकत राहिलं. माझ्या मालकांनी दोनदा विचारलं, भाजीत मीठ का नाय. सोमवारी सकाळी तक्ते फाइलला लागले का ते बघायला गेले, तर अजून मॅडमच्या टेबलावरच. तपासणाऱ्या दोघांच्या सह्या लागतात आणि विश्वजीत सर सही करत नव्हते. एकाची सही नाय म्हणजे कागद अपूर्ण, अपूर्ण कागद फाइलला जात नाय. असा डाव.

मी न विचारता केबिनमध्ये गेले. पेन उचललं आणि दोन्ही तक्त्यांवर सही केली. माझ्या नावापुढं माझा टोकन नंबर टाकला. खाली लिहिलं: 'दोन्ही वेळा मी तपासले. माझेही अकरा बदलले. दुसऱ्या तपासणाऱ्यानं सही करायला नकार दिला.' आणि तारीख. नकार लेखी आला की कागद अपूर्ण राहत नाय.

"आशाबाई," तनुजा मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला यात पडायची काय गरज?"

"गरज अशी हाय मॅडम," मी म्हणलं, "ती पोरगी प्रोबेशनवर हाय, तिला तुम्ही गप्प बसवाल. मी सोळा वर्षं परमनंट हाय. मला काढायचं तर कारण लिहावं लागंल. लिहा."

मॅडमनी काय लिहिलं नाय. तक्ते फाइलमध्ये लावले आणि फाइल कपाटात ठेवली. मी तोवर तिथंच उभी होते.